तापती सुई आणि मातीची उष्णतावाहकता

माती किंवा द्रव उष्णता किती सहज पुढे जाऊ देतो, हे ठरवणाऱ्या राशीला उष्णतावाहकता म्हणतात. ती मोजण्याची सर्वांत सरळ वाटणारी रीत म्हणजे नमुन्याची वडी करायची, तिची एक बाजू गरम आणि दुसरी थंड ठेवायची, सगळे स्थिरावले की आरपार जाणारी उष्णता मोजायची. विटेला किंवा काचेला ही रीत चालते. ओल्या मातीला ती चालत नाही, कारण तापमान स्थिरावायला काही तास लागतात आणि तेवढ्या वेळात मातीतले पाणी गरम बाजूकडून थंड बाजूकडे सरकते. मोजायला घेतलेली माती मोजून होईपर्यंत वेगळीच झालेली असते. द्रवाची अडचण निराळी आहे. तो तापला की हलका होऊन वर चढू लागतो आणि उष्णता वाहनाऐवजी प्रवाहाने जाऊ लागते.

दोन्ही अडचणींवर उपाय एकच: स्थिर स्थितीची वाट न पाहता तापमान चढत असतानाच मोजमाप उरकायचे. त्यासाठी एक लांब, बारीक तार किंवा सुई नमुन्यात ठेवतात, तिला विजेने एकसारखी उष्णता देतात आणि तिचे तापमान वेळेनुसार कसे चढते ते नोंदवतात. स्वीडनमध्ये स्टोल्हाने आणि प्यूक यांनी १९३१ मध्ये तापत्या तारेच्या प्रयोगांतून हे दाखवले की, सुरुवातीचा थोडा काळ सोडला तर तापमानातील वाढ वेळेच्या लॉगरिदमच्या प्रमाणात होते. नेदरलँड्समध्ये फान डर हेल्ड आणि फान ड्रुनेन यांनी १९४९ मध्ये ही पद्धत द्रवांसाठी वापरली. पुढच्याच वर्षी अमेरिकेत हूपर आणि लेपर यांनी मातीत खोचता येईल असा सुईसारखा शोधक वापरला. १९५९ मध्ये फॉन हर्झेन आणि मॅक्सवेल यांनी तशीच सुई खोल समुद्राच्या तळातून काढलेल्या गाळासाठी वापरली.

तापमान लॉगरिदमच्या चालीने का चढते, हे समजून घेण्यासारखे आहे. तारेतून निघालेली उष्णता चहूकडे पसरते आणि तारेभोवती तापलेल्या मातीचा दंडगोल वाढत जातो. या दंडगोलाची त्रिज्या वेळेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे त्रिज्या दुप्पट व्हायला चौपट वेळ लागतो. दुसरीकडे, तारेतून बाहेर जाणाऱ्या उष्णतेला जितके लांब जावे तितका जास्त पृष्ठभाग मिळतो. म्हणून एक ते दोन मिलिमीटर या अंतरात तापमान जेवढे उतरते, तेवढेच दोन ते चार आणि चार ते आठ मिलिमीटर या अंतरांतही उतरते. या दोन गोष्टी एकत्र केल्या की निष्कर्ष आपोआप निघतो. दर वेळी काळ चौपट झाला की तापलेल्या भागाची त्रिज्या दुप्पट होते आणि तारेच्या तापमानात ठरावीक तेवढीच भर पडते. समान गुणोत्तराने वाढणाऱ्या वेळेला समान वाढ, म्हणजेच लॉगरिदम.

आडव्या अक्षावर वेळेचा नैसर्गिक लॉगरिदम आणि उभ्या अक्षावर तापमान मांडले की सरळ रेषा मिळते. तिचा चढ S, तारेच्या दर मीटरला दिलेली उष्णता q आणि उष्णतावाहकता k यांचा संबंध असा:

k = q / (4πS)

या सूत्राचे खरे मोल त्यात जे नाही त्यात आहे. सुईची त्रिज्या त्यात येत नाही. मातीची घनता आणि तिची उष्णता साठवण्याची क्षमता त्यात येत नाही. सुई आणि माती यांच्यामध्ये थोडी हवेची फट राहिली तरी तिच्यामुळे सुई काही अंश जास्त तापते, पण तेवढीच जास्त तापलेली राहते. पूर्ण रेषा वर सरकते, चढ बदलत नाही. प्रत्यक्ष शेतात किंवा खड्ड्यात फटी टाळता येत नाहीत, त्यामुळे या एका गुणावरच पद्धतीचा बराचसा टिकाव अवलंबून आहे.

समजा सुई १०० मिलिमीटर लांब आणि २.४ मिलिमीटर जाड आहे. आत तापणारी तार आणि मध्यावर थर्मिस्टर आहे. तारेचा रोध दर मीटरला ८० ओहम आणि प्रवाह ०.२५ अँपिअर. प्रवाहाचा वर्ग ०.०६२५, त्याला ८० ने गुणले की उष्णता दर मीटरला ५ वॅट येते. ओलसर वाळूमिश्रित मातीत सुई खोचून, तापमान २४.८० अंश सेल्सिअसवर स्थिर आहे याची खात्री करून वीज सुरू केली. ३० सेकंदांनी २६.१५, ६० सेकंदांनी २६.३८, १२० सेकंदांनी २६.६१ आणि २४० सेकंदांनी २६.८४ अंश अशी नोंद झाली. दर वेळी काळ दुप्पट होताना ०.२३ अंशाची भर पडते आहे, म्हणजे रेषा सरळ आहे. ३०० सेकंदांना तापमान २६.९१ होते. ३० ते ३०० सेकंद म्हणजे वेळ दहापट झाली. दहाचा नैसर्गिक लॉगरिदम २.३०३ आणि तापमानातील वाढ ०.७६ अंश, म्हणून चढ ०.३३ अंश. आता ५ ला ४π गुणिले ०.३३ म्हणजे ४.१५ ने भागले की उष्णतावाहकता सुमारे १.२ वॅट प्रतिमीटर प्रतिअंश येते.

पहिल्या ३० सेकंदांच्या नोंदी हिशेबात घेतलेल्या नाहीत, कारण त्या वेळी मातीपेक्षा सुईचे स्वतःचे धातूचे अंगच जास्त उष्णता पीत असते. ३०० सेकंदांवर थांबण्यामागेही कारण आहे. सूत्र अमर्याद लांब तारेचे आहे आणि सुई मात्र १० सेंटिमीटरची. पाच मिनिटांत उष्णता या मातीत सुमारे पावणेतीन सेंटिमीटर दूर पोचते. मध्यावर बसवलेल्या थर्मिस्टरला सुईची टोके अजून जाणवत नाहीत. दहा मिनिटे थांबले तर ती जाणवू लागतात आणि चढ पाच-सहा टक्क्यांनी कमी येतो. मापन जितके लांबवावे तितके अचूक, ही समजूत इथे उलटी पडते.

आलेख वाकतो त्या दिशेवरून बहुतेक चुका ओळखता येतात. शेवटी रेषा वर वळली तर उष्णता नमुन्याच्या काठाशी पोचली आणि बाहेरच्या हवेने किंवा थर्माकोलने ती अडवली, असा अर्थ होतो. अशा वेळी वाहकता प्रत्यक्षापेक्षा कमी निघते. रेषा सपाट होऊ लागली तर उष्णता सुईच्या टोकाकडून किंवा धातूच्या डब्याच्या भिंतीतून निसटते आहे, आणि वाहकता जास्त निघते. सुरुवातीपासूनच तापमान हळूहळू सरकत असेल, तर ती सर्वांत फसवी चूक असते, कारण रेषा जवळपास सरळच दिसते. वरच्या उदाहरणात एकूण वाढ ०.७६ अंश आहे. तेवढ्या पाच मिनिटांत उन्हामुळे माती ०.१ अंश तापली, तर उत्तर १० टक्क्यांहून अधिक चुकेल. म्हणून वीज लावण्याआधी काही मिनिटे तापमान नुसते पाहत राहणे, हा प्रयोगाचा भागच मानला पाहिजे.

आणखी दोन ताळे सोपे आहेत. वीज बंद केल्यावर सुई निवते, तीही लॉगरिदमच्याच हिशेबाने. निवण्यावरून काढलेली वाहकता तापण्यावरून काढलेल्या वाहकतेशी जुळली पाहिजे. दुसरा ताळा म्हणजे निम्म्या शक्तीवर मापन पुन्हा करणे. माती सुकत नसेल तर उत्तर तेच येते. जास्त शक्तीला वेगळे उत्तर आले, तर सुईने भोवतालचे पाणी दूर ढकलले असा संशय घ्यावा. काळी कसदार माती सुकताना आकसते आणि भेगाळते, त्यामुळे तिच्यात सुईभोवतीची फट मापनादरम्यानच रुंदावू शकते. स्थिर फट निरुपद्रवी असते, वाढणारी फट नसते.

द्रवासाठी हीच युक्ती अधिक घाईने करावी लागते. तिथे सुईऐवजी काही मायक्रॉन जाडीची प्लॅटिनमची तार घेतात. तापमानानुसार प्लॅटिनमचा रोध ठरावीक रीतीने वाढतो, म्हणून हीच तार तापवण्याचे आणि तापमान मोजण्याचे अशी दोन्ही कामे करते. सगळे मापन सुमारे एका सेकंदात उरकते, कारण त्यानंतर द्रव वर सरकू लागतो. तसे झाले की रेषा खाली झुकते आणि वाहकता वाजवीपेक्षा मोठी दिसते. टोकांचा परिणाम काढून टाकण्यासाठी एक लांब आणि एक आखूड तार घेऊन त्यांच्यातला फरक मोजतात. पाण्यासारख्या विजेला वाट देणाऱ्या द्रवांत तारेवर विद्युतरोधक लेप द्यावा लागतो, नाहीतर प्रवाह द्रवातून पळतो.

मातीची जाड सुई थेट पाण्यात बुडवून तपासायची, तर हेच अभिसरण आड येते. म्हणून पाण्यात थोडे अगर-अगर उकळून त्याचा गर घट्ट करतात. त्यातले पाणी हलू शकत नाही, आणि अगर इतके कमी असते की गराची वाहकता पाण्याइतकीच, २५ अंशांना सुमारे ०.६१ राहते. ग्लिसरीनही कामी येते. ते इतके घट्ट असते की अभिसरण सुरू व्हायला वेळ लागतो, आणि त्याची वाहकता सुमारे ०.२९ असते. या दोहोंत सुई बरोबर उत्तर देत नसेल, तर मातीतल्या उत्तरावर विसंबू नये.

जमिनीखालून जाणाऱ्या वीजवाहिनीच्या हिशेबात या आकड्याचा नेमका उपयोग दिसतो. समजा ८ सेंटिमीटर जाडीची केबल एक मीटर खोल पुरली आहे, दर मीटरला ३० वॅट उष्णता सोडते आहे आणि जमीन ३० अंशांवर आहे. मातीची वाहकता १.२ असेल, तर केबलचा पृष्ठभाग सुमारे १५ अंशांनी वर म्हणजे ४५-४६ अंशांवर राहतो. तीच माती उन्हाळ्यात सुकून वाहकता ०.४ झाली, तर वाढ सुमारे ४७ अंशांची होते आणि पृष्ठभाग ७७ अंशांवर जातो. आतली तार त्याहून जास्त तापलेली असते, आणि आज सर्रास वापरल्या जाणाऱ्या क्रॉसलिंक्ड पॉलिथिनच्या आवरणाची नेहमीची मर्यादा ९० अंश आहे. म्हणून पावसाळ्यात केलेल्या एकाच मापनावर केबलची क्षमता ठरवू नये. नमुना कमी-अधिक ओलाव्यावर आणून सुईने पुन्हा मोजावे, आणि अहवालात उष्णतावाहकतेच्या प्रत्येक आकड्याशेजारी मातीतल्या पाण्याचे प्रमाण, घट्टपणा आणि मूळ आलेख मागावा. सुकलेल्या मातीचा आकडा हाती आल्याशिवाय केबलचा आकार नक्की करू नये.