एक फोन, तीन घड्याळं आणि जन्मतारखेची गोष्ट

पुण्यात नोकरी करणारी एक आई. तिची मुलगी नऊ वर्षांची, चौथीत. वडील पंचाहत्तरीचे, साताऱ्याला एकटेच राहतात. आईकडे आयफोन आणि स्वतःचं अ‍ॅपल वॉच आहे. मुलीकडे फोन नाही. वडिलांचा फोन साधा अँड्रॉइड, त्यात व्हॉट्सअ‍ॅप आणि भजनं. मुलीच्या आणि वडिलांच्या मनगटावरचं घड्याळ आईला आपल्याच फोनवरून सांभाळता येईल का? येईल. 2020 मध्ये वॉचओएस 7 सोबत अ‍ॅपलने ही सोय आणली, भारतात ती 2024 मध्ये मिळाली. दोन्ही घड्याळं आईच्या फोनवर एकाच यादीत दिसतात, पण वागतात मात्र वेगवेगळी. तसं का, हे घड्याळ घेण्याआधीच समजून घेतलेलं बरं.

नेहमीचं स्मार्टवॉच फोनच्या जिवावर जगतं. फोन जवळ असला की ब्लूटूथवरून त्याचंच इंटरनेट वापरतं, त्याच्याच नंबरवरून बोलतं. आजोबांचं घड्याळ मात्र साताऱ्यात आणि ते सांभाळणारा फोन पुण्यात. म्हणून अशा वापरासाठी घड्याळ सेल्युलर मॉडेलचंच लागतं, म्हणजे आत ई-सिम चालणारं. अ‍ॅपलमध्ये ते सिरीज 4 किंवा त्यानंतरचं, अथवा एसई असावं लागतं. त्याला स्वतःचा मोबाइल नंबर मिळतो. आजोबांचा अँड्रॉइड फोन आणि हे घड्याळ यांचं एकमेकांशी काही नातं जुळत नाही. फोनवरचं व्हॉट्सअ‍ॅप घड्याळात येणार नाही, हे त्यांना आधीच सांगावं. नाहीतर पहिल्याच आठवड्यात घड्याळ कपाटात जाऊन बसतं.

जोडणी करताना मात्र घड्याळ आणि फोन शेजारी हवेत, तेव्हा साताऱ्याची एक फेरी ठरलेली. आधी आजोबांच्या नावाचं अ‍ॅपल खातं हवं आणि ते आईच्या फॅमिली शेअरिंग गटात हवं. या गटात आईसह सहा जण बसतात. मग फोनच्या Watch अ‍ॅपमध्ये All Watches आणि Add Watch करून Set Up for a Family Member निवडायचं, घड्याळावर फिरणारी ठिपक्यांची नक्षी कॅमेऱ्यासमोर धरायची आणि पासकोड ठेवायचा. पुढे सेल्युलर, लोकेशन, आपत्कालीन संपर्क असे टप्पे एकेक येतात.

या सगळ्यात सर्वात जास्त ठरवते ती खात्यातली आणि हेल्थमधली जन्मतारीख. वय 13 पेक्षा कमी असेल तर व्यायामाच्या रिंगमध्ये कॅलरीऐवजी हालचालीची मिनिटं मोजली जातात, आणि हृदयगती जास्त किंवा कमी झाल्याच्या सूचना मिळत नाहीत. पडल्याचं ओळखणारी फॉल डिटेक्शनची सोय 18 वर्षांखालील कोणालाच नाही. 55 आणि त्यापुढच्या वयाला ती आपोआप सुरू होते. आजोबांचं खातं घाईघाईत कुठल्या तरी भलत्याच जन्मवर्षावर उघडलं, तर त्यांच्या उपयोगाची सर्वांत मोठी सोय बंदच राहू शकते, आणि कोणाला पत्ताही लागत नाही. म्हणून घड्याळात Settings, SOS, Fall Detection इथे जाऊन ते सुरू आहे का, हे डोळ्यांनी पाहावं. तिथे फक्त व्यायामाच्या वेळी सुरू ठेवण्याचाही एक पर्याय आहे, तो निवडलेला नाही ना, हेही बघावं. शिवाय पासकोडच्या सेटिंगमधलं Wrist Detection बंद असेल, तर पडल्यावर घड्याळ आपणहून फोन लावत नाही.

फॉल डिटेक्शन चालतं कसं? घड्याळातला त्वरणमापक किमान 32 जी इतका, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या 32 पट, धक्का मोजू शकतो. जायरोस्कोप मनगट कसं फिरलं ते सांगतो. ठेच लागून माणूस कोसळला की हात आधारासाठी पुढे जातो आणि मग जोरदार आदळआपट होते. हा क्रम घड्याळ ओळखतं. मग मनगटावर टकटक होते, गजर वाजतो. सुमारे एक मिनिट माणूस हललाच नाही, तर 30 सेकंदांची उलटी मोजणी होते आणि घड्याळ आपत्कालीन सेवेला फोन लावतं. लेकीला फोन जात नाही. आपत्कालीन संपर्कांना संदेश आणि ठिकाण जातं. त्यामुळे ही यादी भरलेली हवी, आणि तिच्यात पुण्यातल्या लेकीबरोबर साताऱ्यातला एखादा शेजारीही हवा. मर्यादाही लक्षात ठेवावी. भिंतीला धरून हळूहळू खाली बसलेला, चक्कर येऊन खुर्चीतून घसरलेला माणूस घड्याळाच्या नजरेतून सुटू शकतो.

दुसरी अडचण बॅटरीची. फोन शेजारी नसल्यामुळे घड्याळाला मोबाइल टॉवरशी स्वतःच बोलावं लागतं, आणि ते ब्लूटूथपेक्षा कितीतरी जास्त वीज खातं. नेहमीच्या वापरात 18 तास सांगितली जाणारी बॅटरी या वापरात अ‍ॅपलच्याच चाचणीत 14 तासांची धरलेली होती. मग आजोबा रात्री झोपताना घड्याळ चार्जिंगला लावतात, आणि रात्री दोनला अंधारात बाथरूमला उठतात तेव्हा मनगट मोकळं असतं. यावर उपाय म्हणजे चार्जिंगच्या वेळा बदलणं. सकाळी पेपर वाचताना एकदा आणि संध्याकाळी टीव्हीवरच्या मालिका बघताना एकदा. दोन्ही वेळा ते बसलेले असतात.

मुलीच्या घड्याळाचा प्रश्न अगदी वेगळा. तिथे Schooltime चं वेळापत्रक आई आपल्या फोनवरून लावते. त्या वेळात अ‍ॅप बंद राहतात आणि फक्त वेळ दाखवणारी पिवळी तबकडी दिसते. मुलगी डिजिटल क्राउन वापरून त्यातून बाहेर येऊ शकते, पण हात खाली नेला की तबकडी परत येते, आणि ती केव्हा व किती वेळ बाहेर होती याची नोंद आईला दिसते. ती कोणाशी बोलू शकते, हेही आई ठरवते. लोकेशनबाबत मात्र एक समजून घ्यावं. सिमेंटच्या इमारतीत उपग्रहाचा संकेत क्षीण होतो, मग ठिकाण वाय-फाय आणि टॉवरवरून काढलं जातं आणि नकाशावर मोठं वर्तुळ येतं. ते वर्तुळ शाळेच्या बाहेरच्या रस्त्यावर सरकलं म्हणून मुलगी शाळेबाहेर पडली असं होत नाही.

आजोबांवर अशी बंधनं घालता येत नाहीत, आणि घालूही नयेत. ते सज्ञान आहेत. त्यांची आरोग्याची नोंद लेकीला दिसायची तर तिने मागावी आणि त्यांनी होकार द्यावा लागतो. शिवाय या पद्धतीने जोडलेल्या घड्याळावर ईसीजी, हृदयाचे ठोके अनियमित असल्याची सूचना आणि झोपेची नोंद चालत नाही. म्हणून वडिलांकडे चालू स्थितीतला आयफोन असेल आणि त्यांना हृदयाचा त्रास असेल, तर त्यांचं घड्याळ आपल्या फोनवर घेऊच नका, त्यांच्याच फोनला जोडा. नंतर बदलायचं म्हटलं तर घड्याळ पूर्ण पुसून पहिल्यापासून जोडावं लागतं. फोन अँड्रॉइड असेल, तर मात्र तुमच्या फोनवरूनच सांभाळा, आणि साताऱ्याहून परत निघण्याआधी तीन गोष्टी तपासा: जन्मतारीख बरोबर आहे, फॉल डिटेक्शन सुरू आहे, आणि घरचा वाय-फाय बंद करूनही घड्याळावर फोन लागतो.