गॉगलवरचं ‘यूव्ही ४००’ खरं की नुसता स्टिकर? टॉर्च आणि कोऱ्या कागदाने असं तपासा

उन्हाळा लागला की सिग्नलवर, हायवेच्या कडेला, एसटी स्टँडबाहेर गॉगलचे बोर्ड उभे राहतात. दीडशे रुपयांचा गॉगल उचला किंवा मॉलमधला अडीच हजारांचा, काचेच्या कोपऱ्यात बहुतेक वेळा एकच मजकूर दिसतो: ‘यूव्ही ४०० प्रोटेक्शन’. सोबत ‘सीई’ आणि ‘पोलराइज्ड’ ही अक्षरंही असतात. असे छापील स्टिकर घाऊक बाजारात वेगळे विकत मिळतात. ते चिकटवण्याआधी काच कुणी तपासलीच असेल असं नाही. त्यामुळे स्टिकर हा पुरावा नसून फक्त दावा आहे. तो तपासता येतो, पण त्याआधी तो दावा नेमका काय आहे ते पाहू.

४०० हा आकडा कशाचा?

प्रकाशाची तरंगलांबी नॅनोमीटरमध्ये मोजतात. आपल्याला दिसणारा प्रकाश साधारण ४०० नॅनोमीटरच्या जांभळ्यापासून सुरू होतो. त्याखालची किरणं दिसत नाहीत, तीच अतिनील म्हणजे यूव्ही. ‘यूव्ही ४००’ याचा अर्थ ४०० नॅनोमीटरपर्यंतची सगळी अतिनील किरणं काच जवळपास पूर्ण अडवते. जमिनीपर्यंत पोहोचणाऱ्या अतिनील किरणांपैकी सुमारे ९५ टक्के ‘यूव्ही-ए’ असतात, म्हणजे ३१५ ते ४०० या पट्ट्यातली. उरलेली ‘यूव्ही-बी’ प्रमाणाने कमी, पण जास्त दाहक. वर्षानुवर्षं ही किरणं डोळ्यांवर पडत राहिली तर मोतीबिंदूचा धोका वाढतो. डोळ्याच्या पांढऱ्या भागावरून बुबुळाकडे मांस वाढत येतं, ज्याला डॉक्टर टेरिजियम म्हणतात, त्याचाही संबंध उन्हाशी आहे. शेतात राबणारे, मासेमारी करणारे, दिवसभर दुचाकीवर डिलिव्हरी करणारे यांच्यासाठी म्हणूनच गॉगल ही फक्त फॅशन नाही.

आता सगळ्यात मोठा गैरसमज. गडद काच म्हणजे जास्त संरक्षण, असं बहुतेकांना वाटतं. प्रत्यक्षात काचेचा रंग दिसणारा प्रकाश कमी करतो. अतिनील किरणं अडवणं हे वेगळं काम आहे आणि ते काचेच्या मूळ पदार्थात किंवा त्यात मिसळलेल्या शोषक रसायनात होतं. पूर्ण पारदर्शक चष्माही यूव्ही ४०० असू शकतो आणि काळाकुट्ट गॉगलही बरंच यूव्ही आत सोडू शकतो.

हा दुसरा प्रकार जास्त त्रासदायक का, ते एका हिशेबातून पाहा. समजा कडक उन्हात तुमच्या डोळ्याची बाहुली २ मिलिमीटरची आहे. गडद गॉगल लावल्यावर डोळ्याला अंधारल्यासारखं वाटलं आणि ती ४ मिलिमीटर झाली. व्यास दुप्पट झाला की क्षेत्रफळ चौपट होतं. काच जर ४० टक्के यूव्ही आत सोडत असेल, तर ४ गुणिले ०.४ म्हणजे १.६. गॉगल नसताना जेवढं यूव्ही बाहुलीतून आत गेलं असतं, त्याच्या दीडपटीहून जास्त आता जातंय. शिवाय उन्हात आपण डोळे आपोआप बारीक करतो, ते संरक्षणही गॉगल लावला की जातं. हा हिशेब वाईटातल्या वाईट शक्यतेचा आहे. बाहुली दर वेळी इतकी मोठी होत नाही, आणि डोळ्याच्या बाहेरच्या पृष्ठभागावर पडणाऱ्या किरणांना हे गणित लागू नाही. पण आतल्या नैसर्गिक भिंगासाठी, जिथे मोतीबिंदू होतो, ते लागू आहे.

मग महागडाच घ्यायचा का?

तसंही नाही. आजचे बरेच गॉगल पॉलिकार्बोनेट नावाच्या प्लास्टिकचे असतात. या प्लास्टिकचा स्वभावच असा, की ते ३८० नॅनोमीटरपर्यंतचं यूव्ही स्वतःहून जवळपास पूर्ण अडवतं. वेगळं कोटिंग लागत नाही आणि ओरखडे पडले म्हणून ते संरक्षण उडूनही जात नाही. म्हणजे दीडशे रुपयांचा गॉगल खरोखर पॉलिकार्बोनेटचा असेल, तर यूव्हीच्या परीक्षेत तो महागड्या गॉगलच्या जवळ जाऊ शकतो. स्वस्तातला अॅक्रिलिकचा असेल, तर त्यात शोषक मिसळला आहे की नाही यावर सगळं अवलंबून. साधी काच यूव्ही-बी बरंच अडवते, पण यूव्ही-ए मोठ्या प्रमाणात सोडते. शोषक घालून बनवलेली गॉगलची काच मात्र चांगली असते. नुसतं बघून हा फरक कुणालाच सांगता येणार नाही, दुकानदारालाही नाही. जास्त पैसे मोजल्यावर फ्रेम, फिटिंग आणि भिंगाचा स्वच्छपणा मिळतो. यूव्हीची हमी त्यात असेलच असं नाही.

टॉर्च, कागद आणि एक सापळा

सोशल मीडियावर एक व्हिडिओ प्रकार जोरात चालतो. नोट तपासायच्या जांभळ्या टॉर्चचा प्रकाश गॉगलमधून नोटेवर टाकायचा. नोटेवरच्या खुणा चमकल्या तर गॉगल नकली, नाही चमकल्या तर असली. कल्पना बरोबर आहे. चूक होते ती टॉर्चमध्ये.

बाजारात ‘यूव्ही टॉर्च’ म्हणून मिळणाऱ्या स्वस्त टॉर्च बहुतेक ३९५ नॅनोमीटरच्या असतात. ३९५ म्हणजे यूव्हीची अगदी वरची कड. त्यांचा प्रकाश थोडा पसरट असतो, त्यामुळे त्यातला बराच भाग ४०० च्या वर जातो. म्हणूनच ती टॉर्च भडक जांभळी दिसते. अशा टॉर्चने ३८० पर्यंत उत्तम अडवणारा गॉगलही नापास ठरतो. अमेरिकेच्या गॉगल मानकात यूव्ही-एची वरची मर्यादा ३८०च धरली आहे, म्हणजे तिथे रीतसर पास झालेली काच आपल्या टॉर्चपुढे ‘नकली’ ठरेल.

त्यामुळे टॉर्च ३६५ नॅनोमीटरची घ्या. ती थोडी महाग पडते. समोर काळसर फिल्टर असलेली मिळाली तर उत्तम. ओळखायची खूण अशी, की ती भिंतीवर फारशी जांभळी दिसत नाही, पण छपाईचा पांढरा कागद तिच्याखाली निळसर लख्ख चमकतो. कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून त्यात घातलेलं रसायन यूव्ही शोषून निळा प्रकाश देतं, म्हणून ही चमक. नोटेवर बारीक खुणाच चमकतात, कागद सगळाच चमकतो. त्यामुळे चाचणीला कोरा ए-४ कागद जास्त सोयीचा.

खोलीत अंधार करा. कागद टेबलावर ठेवा आणि टॉर्च एक वीतभर वर धरा. टॉर्च स्वतःच्या किंवा कुणाच्या डोळ्यांवर अजिबात मारू नका. आधी मध्ये साध्या काचेचा ग्लास धरून पाहा. कागद बऱ्यापैकी चमकत राहील, कारण साधी काच ३६५ आत सोडते. तुमची टॉर्च आणि कागद नीट काम करतायत हे यातून कळतं. आता ग्लास काढून गॉगलचं एक भिंग मध्ये आणा आणि त्याखालचा कागद बाजूने बघा. गॉगलमधून बघायचं नाही, नाहीतर रंगामुळेच सगळं अंधुक दिसेल आणि निष्कर्ष चुकेल. भिंगाच्या आकाराची काळी सावली पडली आणि आतली निळी चमक पूर्ण गेली, तर ३६५ अडतंय. सावलीच्या आत चमक शिल्लक असेल, तर स्टिकरवर काहीही लिहिलेलं असो, तो गॉगल परत करा.

या चाचणीची मर्यादाही लक्षात ठेवा. ती वाईट गॉगल पकडते, चांगल्याला प्रमाणपत्र देत नाही. ३६५ अडलं म्हणजे ३९० ही अडलं असं होत नाही. शिवाय पाच-दहा टक्के गळती डोळ्यांना सहज कळत नाही. आकडा हवा असेल तर चष्म्याच्या दुकानात जा. अनेक ठिकाणी भिंगाचा नंबर मोजणाऱ्या मशीनमध्येच यूव्ही मोजायची सोय असते किंवा छोटा यूव्ही मीटर असतो. मीटर कोणत्या नॅनोमीटरवर मोजतो तेही विचारा. आत जाणारं यूव्ही एक टक्क्याच्या खाली दाखवलं तर काळजी नाही. पण दुकानदाराने निळी-जांभळी लेझर पेन काढून कार्डावर मारून दाखवली, तर ते ‘ब्लू कट’चं प्रात्यक्षिक आहे. ती पेन साधारण ४०५ नॅनोमीटरची असते, त्यावरून यूव्हीचं काहीच सिद्ध होत नाही.

‘सीई’, ‘कॅट ३’ आणि ‘पोलराइज्ड’

‘सीई’ ही युरोपीय संघाची खूण आहे, भारतीय नव्हे. गॉगलसारख्या कमी जोखमीच्या वस्तूवर ती उत्पादक स्वतःच्या जबाबदारीवर लावतो, त्यासाठी बाहेरच्या प्रयोगशाळेचा शिक्का सक्तीचा नाही. अक्षरं चिकटून छापली असतील तर त्याचा अर्थ ‘चायना एक्स्पोर्ट’, हा व्हॉट्सअॅपवरचा फॉरवर्ड मात्र खोटा आहे. तशी कोणतीही अधिकृत खूण नाही. चिकटलेली अक्षरं फक्त निष्काळजी नक्कल दाखवतात, आणि नीट अंतराने छापलेली अक्षरं नक्कल करणंही अवघड नाही. खऱ्या मालासोबत उत्पादकाचं नाव-पत्ता, मॉडेल क्रमांक आणि फिल्टरचा वर्ग लिहिलेला माहितीपत्रकाचा कागद येतो. तो कागद नसेल तर ‘सीई’ला किंमत देऊ नका.

हा वर्ग ० ते ४ असतो आणि तो काळोखीचा असतो. ३ म्हणजे ८ ते १८ टक्के दिसणारा प्रकाश आत, आपल्या उन्हाला तो पुरेसा. ४ म्हणजे ३ ते ८ टक्के. तो बर्फाळ डोंगरासाठी ठीक, पण गाडी चालवताना वापरायचा नाही.

‘पोलराइज्ड’ची परीक्षा मोबाइलवर होते. स्क्रीनसमोर गॉगल धरून हळूहळू फिरवा. बऱ्याच फोनवर एका कोनात स्क्रीन काळवंडते. तसं झालं तर काच पोलराइज्ड आहे, म्हणजे रस्त्यावरची आणि पाण्यावरची चकाकी कापते. एवढंच. यूव्हीसाठी टॉर्च वेगळी लागतेच.

शेवटचा मुद्दा आकाराचा. ऑस्ट्रेलियातले नेत्रतज्ज्ञ मिनास कोरोनिओ यांनी दाखवलं, की कानाच्या बाजूने तिरका येणारा प्रकाश डोळ्याचा पुढचा घुमटाकार भाग वळवून नाकाकडच्या कडेवर एकवटतो. टेरिजियम बहुतेक वेळा नेमकं त्याच बाजूला वाढतं. म्हणजे काच शंभर टक्के खरी असली आणि फ्रेम छोटी, चपटी असली, तर बाजूचा रस्ता उघडाच राहतो. दुकानात गॉगल लावून मान खाली-वर करा. भुवयांच्या वरून आणि कानाच्या बाजूने किती उजेड आत येतो ते पाहा, आणि दोन सारख्याच पास झालेल्या गॉगलपैकी कमी उजेड येणारा उचला.