बातमीची मुळे उत्तरात कशी आणावीत?

स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी मुले-मुली आता आपल्याही अनेक घरांत आहेत. मुख्य परीक्षेत एखाद्या ताज्या घडामोडीची ऐतिहासिक पार्श्वभूमी मागितली, की त्यांची दोन प्रकारची उत्तरे वाचायला मिळतात. काहींच्या उत्तरात नुसती बातमी असते, तर काही जण दिल्ली सल्तनतीपासून सुरुवात करतात आणि वर्तमानाला पोहोचेपर्यंत जागा संपते. 15 गुणांच्या प्रश्नाला 250 शब्द आणि जेमतेम अकरा मिनिटे मिळतात. तेव्हा सगळा इतिहास सांगायचा नसतो, आजच्या वादाला जन्म देणारा तेवढाच निवडायचा असतो.

आपल्या परिचयाचे उदाहरण घेऊ. समजा, प्रश्न असा आहे : ‘2025 च्या वक्फ दुरुस्ती कायद्यातील वादाचे मुद्दे ऐतिहासिक पार्श्वभूमीवर तपासा.’ प्रथम इतिहासाचे पुस्तक उघडू नये, कायद्यातील वादाची कलमे पाहावीत. त्यांतली दोन निवडू. एक, केवळ दीर्घ वापरावरून एखादी जागा वक्फ मानण्याची तरतूद या कायद्याने यापुढे काढून टाकली. आधी नोंदणी झालेल्या अशा जागा कायम राहतात, पण त्या वादात असतील किंवा सरकारी असतील तर नाही. दोन, वक्फ अलल-औलाद म्हणजे कुटुंबासाठी केलेला वक्फ स्त्रियांचा वारसाहक्क डावलू शकत नाही, असे त्यात म्हटले आहे. आता प्रत्येक कलमापासून मागे चालत जायचे.

दीर्घ वापराचा मुद्दा का आला? जुन्या मशिदी, कब्रस्ताने, ईदगाह यांपैकी अनेकांचे वक्फनामे कधी लिहिलेच गेले नाहीत किंवा काळाच्या ओघात हरवले. लोक पिढ्यान्‌पिढ्या तिथे नमाज पढतात, दफन करतात, हाच पुरावा न्यायालये मानत आली आणि 1954 च्या वक्फ कायद्याने वक्फच्या व्याख्येतच त्याला जागा दिली. दुसरीकडे, 1923 च्या कायद्याने मुतवल्लींना मालमत्तेचा तपशील आणि हिशेब न्यायालयात देण्याचे बंधन घातले होते. म्हणजे कागद मागणारे राज्य आणि कागद नसलेली जुनी जागा हा ताण शंभर वर्षांचा आहे. हे फक्त पुस्तकी नाही. सप्टेंबर 2025 च्या अंतरिम आदेशात सर्वोच्च न्यायालयाने वापराची तरतूद रद्द करण्याला स्थगिती दिली नाही, आणि नोंदणीची अपेक्षा 1923 पासून आहे याचा आधार घेतला.

दुसऱ्या कलमाचे मूळ 1894 मध्ये सापडते. त्या वर्षी लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने बंगालमधील एका खटल्यात निर्णय दिला, की ज्यात खरा लाभ कुटुंबालाच होतो आणि दानधर्म नावापुरता उरतो असा वक्फ वैध नाही. मुस्लिम समाजात त्यावर नाराजी पसरली. पुढे बॅ. जिना यांनी मांडलेल्या विधेयकातून 1913 चा कायदा झाला आणि कौटुंबिक वक्फ पुन्हा वैध ठरला. 2025 चे कलम या वैधतेला हात लावत नाही, तिला वारसाहक्काची मर्यादा घालते. असे एक वाक्य लिहिले की भूतकाळ आणि वर्तमान जोडले जातात.

उत्तराची मांडणी अशी होईल : दोन ओळींत घटना, मग एकेका कलमाचे मूळ आणि त्याचा आजचा परिणाम, मग दोन्ही बाजूंचे म्हणणे. सरकार पारदर्शकतेचा मुद्दा मांडते, तर विरोधक घटनेच्या कलम 26 मधील धार्मिक संस्थांच्या व्यवस्थापनाच्या हक्काचा. शेवटी, आदेश अंतरिम असल्याने अंतिम निकाल झाल्यासारखे लिहू नये. हा विषय मनाला भिडणारा असला तरी विशेषणे टाळावीत. 1923 चे वर्ष जागच्या जागी आले तर ते दहा विशेषणांपेक्षा अधिक बोलते.

आपले उत्तर जमले का, हे घरीच तपासता येते. इतिहासाच्या ओळी पेन्सिलीने झाका आणि उरलेले वाचा. युक्तिवाद जसाच्या तसा उभा राहिला, तर त्या ओळी शोभेच्या होत्या. मधेच ‘पण हा वाद आला कुठून?’ असा प्रश्न पडला, तर इतिहासाने आपले काम केले. वरच्या उत्तरातून 1894 झाका, कौटुंबिक वक्फाची गोष्ट अर्धी राहते. दिल्ली सल्तनत झाका, काहीच बिघडत नाही.