पहाटे साडेतीनला फोन लावताना पहिलं वाक्य

काठीच्या राजवाडी होळीच्या रात्री तुम्ही कुणालाही, कितीही वाजता फोन लावा. कुणी झोपलेलंच नसतं. रात्रभर ढोल चालतात आणि होळी पेटते ती पहाटे. बाकीच्या रात्री मात्र साडेतीनला रिंग वाजली की उचलणाऱ्याच्या छातीत आधीच धस्स झालेलं असतं. त्यात आपण पहिलंच वाक्य चुकीचं बोलतो.

गेल्या पावसाळ्यात मी हॉस्टेलवर होते. काठीहून चुलतभावाचा फोन आला, तोही अनोळखी नंबरवरून. "हॅलो, झोपलीस का?" "हो." "बरं, घाबरू नको हं. आप्पांना नेलं." आणि रेंज गेली. पुढची चाळीस मिनिटं फोन लागला नाही. आप्पांना साप चावला होता, जीपमधून मोलगीच्या दवाखान्यात नेलं होतं आणि वाटेत ते बोलत होते, हे मला उजाडता उजाडता कळलं. तोवर मी काय काय समजून बसले होते, ते सांगत नाही.

आता "नेलं" हा शब्द बघा. मराठीत दवाखान्यातही नेतात आणि स्मशानातही. "गेले"चं तर विचारूच नका. दिवसा संदर्भावरून कळतं, पण झोपेतून उठलेल्या माणसाकडे संदर्भच नसतो. गाढ झोपेतून जाग आल्यावर डोकं पूर्ण चालू व्हायला पंधरा मिनिटं ते अर्धा तास लागू शकतो. म्हणून क्रियापदाला जागा जोडायची आणि माणूस कसा आहे हे लगेच सांगायचं: "दवाखान्यात नेलंय, शुद्धीत आहेत." "घाबरू नको"ने उलटंच होतं, कारण काय झालंय हे माहीत नसताना माणूस फक्त घाबरू शकतो.

त्याच्याही आधीची एक पायरी असते. इमॅन्युएल शेग्लॉफ या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने पोलिसांकडे आलेले सुमारे ५०० फोन अभ्यासून १९६८ मध्ये लेख लिहिला. त्याचं म्हणणं साधं आहे. रिंग म्हणजे हाक आणि उचलणाऱ्याचं "हॅलो" म्हणजे ओ. ओ आल्याशिवाय बोलणं सुरू होत नाही. रात्री बरेच जण फोन उचलून नुसते कानाला लावतात. अशा वेळी बातमी सांगू नका, नावाने हाक मारा: "सुनीताताई?" ती "हं, बोल" म्हणाली की पुढचं. मग स्वतःचं नाव. "मी बोलतोय" म्हणजे कोण? फोन दुसऱ्याचा असेल तर तेही सांगा, नाहीतर ती नंतर तुमच्याच बंद पडलेल्या नंबरवर लावत बसेल.

फोन उचललाच नाही तर? त्याच नंबरवरून लगेच परत लावा. बऱ्याच फोनमध्ये डू नॉट डिस्टर्ब असतानाही लागोपाठचा दुसरा कॉल वाजू देण्याची सोय असते. आयफोनवर त्यासाठी तीन मिनिटांच्या आत लावावा लागतो, अँड्रॉइडवर साधारण पंधरा. ती सेटिंग समोरच्याने चालू ठेवलेली हवी, आणि फोन नुसता सायलेंटवर असेल तर उपयोग नाही. घरच्यांच्या फोनमध्ये आजच बघून घ्या.

१०८ला लावताना मात्र क्रम बदलतो. तिथला माणूस जागाच असतो, पण त्याला काठी माहीत असेलच असं नाही. म्हणून जागा आधी, मोठ्याकडून लहानाकडे: "नंदुरबार जिल्हा, अक्कलकुवा तालुका, मोलगीजवळचं काठी," मग पाड्याचं नाव आणि खूण. त्यानंतर "साप चावलाय, श्वास चालू आहे." असं सांगितलं की मध्येच लाईन तुटली तरी निदान गाडी कुठे पाठवायची ते कळलेलं असतं. घरी आपण आपल्या बोलीत बोलतो, इथे मराठीत बोलावं लागतं. हे वाक्य आधी एकदा मोठ्याने म्हणून ठेवलेलं बरं.

सगळ्यात अवघड फोन मृत्यूचा. आपल्याकडे "तब्येत जास्त आहे, लगेच निघ" असं सांगायची पद्धत आहे. एकटी मुलगी रात्रीच्या बसने यायची, वाटेत तिचं काय होईल, ही काळजी त्यामागे असते. मला स्वतःला ते पटत नाही. ती बसमधून दर दहा मिनिटांनी फोन करून "आता कसे आहेत?" विचारते आणि घरच्यांना दर वेळी नवीन खोटं शोधावं लागतं. त्यापेक्षा आधी विचारा, "खोलीत कुणी आहे का? तिला उठव." मैत्रीण शेजारी बसली की "वारले" हा शब्द वापरून सरळ सांगा. ती खरंच एकटी असेल तर मात्र आधी तिच्या रूममेटला किंवा हॉस्टेलच्या रेक्टरबाईंना फोन लावा.

आप्पा आठवड्यात घरी आले. भावाला मी विचारलं, आता काय म्हणशील? तो म्हणाला, "मी दिलीप, शेजारच्या काकांच्या फोनवरून. आप्पांना साप चावलाय, मोलगीच्या दवाखान्यात नेलंय, बोलतायत. तू सकाळच्या गाडीने ये." घड्याळ लावून बघितलं, दहा सेकंदही लागले नाहीत. "झोपलीस का"ला काट मारली का, विचारलं, तर म्हणतो, "साडेतीनला तू काय अभ्यास करत असणार होतीस?"