तीन गेज, दोन प्रतिबले: यंत्राच्या पृष्ठावरील रोझेटचे गणित

स्ट्रेन गेज म्हणजे पातळ पट्टीवर नागमोडी आखलेली धातूची तार. ती यंत्राच्या पृष्ठावर घट्ट चिकटवली की पृष्ठाबरोबर ताणली किंवा आक्रसली जाते आणि तिचा विद्युत रोध बदलतो. हा बदल फार सूक्ष्म असतो. १२० ओहमच्या नेहमीच्या गेजमध्ये लांबी दहा लाखांत ५०० भागांनी वाढली, म्हणजे विकृती ५०० मायक्रोस्ट्रेन झाली, तर रोध जेमतेम ०.१२ ओहमने वाढतो. म्हणून तो व्हीटस्टन ब्रिज वापरून मोजतात.

एक गेज मात्र एकाच दिशेतली विकृती सांगतो. साधी सळई सरळ ओढली जात असेल तर तेवढे पुरते, कारण ओढीची दिशा आधीच माहीत असते. पॉवर प्रेसच्या ‘सी’ आकाराच्या सांगाड्यात, घशाच्या कोपऱ्याजवळ, सर्वांत मोठी ओढ कोणत्या दिशेने आहे हे डोळ्यांना कळत नाही. पृष्ठावरील विकृतीची अवस्था तीन राशींनी ठरते: एकमेकींशी काटकोनात असलेल्या दोन दिशांतील विकृती आणि त्यांच्यातील कर्तन. तीन अज्ञातांसाठी तीन वाचने लागतात. म्हणूनच रोझेटमध्ये एकाच ठिकाणी तीन गेज बसवलेले असतात. सर्वांत प्रचलित मांडणीत ते ०, ४५ आणि ९० अंशांवर असतात. त्यांना अ, ब, क म्हणू.

समजा, प्रेसवर भार नसताना तिन्ही वाचने शून्यावर आणली आणि पूर्ण भारावर अ = +५००, ब = +६००, क = −१०० मायक्रोस्ट्रेन मिळाले. जर्मन अभियंते ऑटो मोर यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वर्तुळाने पुढचे काम सोपे होते. अ आणि क काटकोनात असल्याने त्यांची सरासरी, म्हणजे २००, हा वर्तुळाचा मध्य. त्यांच्या फरकाचा निम्मा भाग ३००. ब हा मध्यापेक्षा ४०० ने जास्त. ३०० आणि ४०० या बाजूंच्या काटकोन त्रिकोणाचा कर्ण ५००, आणि तीच वर्तुळाची त्रिज्या. मध्यात त्रिज्या मिळवली की मोठी प्रधान विकृती +७००, आणि वजा केली की लहान −३००. वर्तुळावरचा कोन सुमारे ५३ अंश येतो. प्रत्यक्ष पृष्ठावर तो निम्मा, म्हणजे अ पासून ब च्या बाजूला साडेसव्वीस अंशांच्या आसपास. तिन्ही गेजपैकी एकही या दिशेवर नव्हता, म्हणून एकाही वाचनात ७०० दिसले नाही.

आता प्रतिबल. इथे होणारी नेहमीची चूक म्हणजे विकृतीला थेट यंगच्या गुणांकाने गुणणे. पोलाद एका दिशेने ताणले की आडव्या दिशेने आपोआप आक्रसते, म्हणून प्रत्येक दिशेच्या प्रतिबलात दोन्ही विकृतींचा वाटा धरावा लागतो. मोकळ्या पृष्ठावर पृष्ठाला लंब प्रतिबल शून्य असते, त्यामुळे सूत्र असे होते:

σ₁ = E(ε₁ + νε₂) / (१ − ν²)

E = २०० गिगापास्कल आणि प्वासाँचे गुणोत्तर ν = ०.३ धरल्यास मोठे प्रतिबल सुमारे १३४ मेगापास्कल ओढ येते. ε₁ आणि ε₂ यांची अदलाबदल केली की लहान प्रतिबल सुमारे २० मेगापास्कल दाब. सरळ गुणाकाराने हे आकडे १४० आणि ६० आले असते. पहिली चूक खपून जाते, दुसऱ्या चुकीत दाब तिप्पट फुगतो. −३०० मधले सुमारे २०१ तर केवळ पहिल्या ओढीमुळे आलेले आडवे आक्रसणे आहे.

सर्वांत फसवी चूक वायरिंगची. वरच्या उदाहरणात अ आणि ब च्या तारा बदलल्या तर मोठे प्रतिबल सुमारे १३८ येते. आकडा पाहून कुणालाही शंका येणार नाही. पण लहान प्रतिबलाचे चिन्ह उलटते आणि प्रधान दिशा जवळपास नऊ अंशांनी सरकते. थकव्याची भेग साधारणतः मोठ्या ओढीला काटकोनात वाढते, त्यामुळे ही दिशा चुकली तर मजबुतीची पट्टीही चुकीच्या रोखाने लागते. प्रधान विकृती तिन्ही वाचनांना कवेत घेतात का, या पडताळणीतूनही ही अदलाबदल निसटते. भार देण्याआधी एकेका गेजला समांतर ठरावीक रोध जोडावा आणि कोणत्या चॅनेलचा आकडा हलतो ते पाहावे. चूक लगेच उघड होते.

मर्यादाही आहेत. हे सूत्र लवचिक मर्यादेपर्यंतच लागू पडते. गेज आपल्या लांबीवरची सरासरी देतो, त्यामुळे तीव्र वळणावरचे शिखर त्याला कमी दिसते. शिवाय तो फक्त शून्य केल्यानंतरचा बदल मोजतो. वेल्डिंगमुळे सांगाड्यात आधीच अडकलेले प्रतिबल या आकड्यांत येत नाही. ते मोजायला वेगळा रोझेट चिकटवून त्याच्या मधोमध बारीक भोक पाडावे लागते.