रात्रीचा दीड, दुपारचे बारा

ती पुण्यात एका बँकेत अधिकारी आहे, तो सिएटलमध्ये सॉफ्टवेअर इंजिनिअर. लग्न झालं, तीन आठवड्यांची सुट्टी संपली, तो परत गेला आणि तिच्या व्हिसाचं काम कागदांमध्ये अडकलं. हे जोडपं इथे नमुन्यादाखल घेतलं आहे, पण ज्या मराठी घरातलं कोणी अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर आहे, त्या घराला ते ओळखीचं वाटेल. त्यांचा सगळा संसार पाच-सहा इंचांच्या पडद्यावर चालतो. त्यांची भांडणंही तिथेच होतात आणि त्यातली निम्मी तरी घड्याळाने नि तारांनी लावून दिलेली असतात. दोघं मात्र ती एकमेकांच्या खाती जमा करत राहतात.

आधी घड्याळाचं पाहू. उन्हाळ्यात सिएटल पुण्याच्या साडेबारा तास मागे असतं. दिवस आणि रात्र जवळजवळ नेमके उलटे. ऐकायला हे सोयीचं वाटतं: तिची संध्याकाळ म्हणजे त्याची सकाळ, तिची सकाळ म्हणजे त्याची संध्याकाळ, दोघंही जागे. पण प्रत्यक्ष दिवस मांडून बघा. ती बँकेतून घरी येऊन, जेवून साडेआठला मोकळी होते तेव्हा त्याच्याकडे सकाळचे आठ वाजलेले असतात. तोंडात टूथब्रश, एक डोळा ऑफिसच्या मेसेजवर. उलट तो संध्याकाळी साडेसहाला निवांत सोफ्यावर बसतो तेव्हा तिच्याकडे सकाळचे सात असतात. कुकरची दुसरी शिट्टी, डबा भरायचा बाकी, आणि मागून सासूबाई विचारतात, "त्याचा फोन आहे का? दे जरा." दोन्ही वेळा दोघं जागे असतात, पण एक जण कायम घाईत. घाईतला माणूस तुटक बोलतो आणि निवांत असलेल्याला ते लागतं.

म्हणून अशी बरीच जोडपी शेवटी रात्रीच्या कॉलवर येऊन ठेपतात. आपलं जोडपंही त्यातलंच. त्याची जेवणाची सुट्टी दुपारी बाराला, म्हणजे तिच्याकडे रात्रीचे साडेबारा. घर झोपलेलं, दार लावलेलं, तो ऑफिसबाहेरच्या बाकावर डबा उघडून बसलेला. सबंध दिवसातली ही एकच वेळ, जेव्हा तिसरं कोणी चौकटीत येत नाही. तिला सकाळी साडेसहाला उठायचं असतं, हे दोघांनाही ठाऊक असतं. पण ते चालवून घेतलं जातं.

मग नोव्हेंबर येतो.

अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळं एक तास पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी पुन्हा एक तास मागे आणतात. भारतात घड्याळाला कोणी हात लावत नाही. २०२५ साली हा बदल २ नोव्हेंबरला झाला. तिकडे पहाटेचे दोन वाजले आणि घड्याळ मागे जाऊन एक झाला, तेव्हा पुण्यात रविवार दुपारचे अडीच वाजले होते. जेवून वामकुक्षीची वेळ. पुण्यात काही म्हणजे काहीच घडलं नाही, पण अंतर साडेबारा तासांचं साडेतेरा झालं.

आता सोमवारची रात्र घ्या. ती नेहमीप्रमाणे साडेबाराला कॉल लावते. त्याच्याकडे अकराच वाजलेले, तो मीटिंगमध्ये, कॉल कापतो. ती दहा मिनिटांनी पुन्हा लावते, तो पुन्हा कापतो. पाऊण वाजता ती फोन उपडा ठेवून झोपते. त्याचे बारा वाजतात, तो उत्साहाने फोन करतो, तर तिच्याकडे दीड. उत्तर नाही. मंगळवारी सकाळी तिच्या मेसेजचा सूर निराळा असतो आणि त्याला तो का निराळा आहे हे कळत नाही.

यातली मेख अशी, की चूक उमगल्यावरही दुखणं जात नाही. त्याची जेवणाची सुट्टी बारालाच राहते, म्हणून हिवाळाभर तिची रात्र दीडपर्यंत लांबते. तिकडचे सरकारी घड्याळ हलवतात आणि झोप पुण्यातल्या बाईची कमी होते. सकाळच्या कॉलचंही तेच. तिचे सात म्हणजे आता त्याचे साडेपाच, तो बसमध्ये उभा. ज्यांना हे आधी माहीत असतं, ती जोडपी ऑक्टोबरच्या अखेरीसच नवी वेळ ठरवतात आणि एक तास कोणी सोसायचा ते उघडपणे बोलतात. त्याला जेवणाची सुट्टी अकराला घेता आली तर प्रश्नच मिटतो. ते न विचारता गृहीत धरलं जातं, तिथे खरी कुरबुर सुरू होते. लंडनला असलेल्यांचं वेळापत्रक आणखी निराळं: युरोपातली घड्याळं मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी हलतात. अमेरिकेतल्या भावाने दिलेली तारीख तिथे कामाची नाही.

घड्याळाचा घोटाळा निदान दिसतो तरी. दुसरा घोटाळा दिसत नाही.

ती विचारते, "डिसेंबरमध्ये येतोयस ना?" क्षणभर शांतता. "नसेल जमत तर राहू दे," ती म्हणते. नेमक्या त्याच वेळी त्याचं "अगं हो, तिकीट बघतोय" येऊन आदळतं. दोघं थांबतात. दोघं पुन्हा एकदम सुरू करतात. तो म्हणतो, "बोल तू." ती म्हणते, "नाही, तू बोल." एवढ्यात मूड गेलेला असतो.

ती शांतता त्याची नव्हती. पुण्याहून निघालेला आवाज मुंबईच्या किनाऱ्यावरून समुद्रतळाच्या केबलमध्ये उतरतो आणि अर्धं जग ओलांडून सिएटलला पोचतो. काचेच्या तंतूत प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. वळणावळणाची वाट वीस हजार किलोमीटरची धरली, तर सेकंदाचा दहावा भाग नुसत्या प्रवासात गेला. त्यात आवाज आणि चित्र बारीक करून पाठवायचं, वायफायची गर्दी, आणि तुकडे मागेपुढे पोचले तर जुळवून घेण्यासाठी अ‍ॅपने मुद्दाम राखलेली उसंत. हे सगळं मिळून एका बाजूला पाव सेकंद सहज होतो. प्रश्न जायला पाव, उत्तर यायला पाव. त्याने पटकन उत्तर दिलं तरी तिच्या कानी ते अर्धा सेकंद उशिराच पडतं.

अर्धा सेकंद म्हणजे काय मोठंसं, असं वाटेल. पण २००९ मध्ये जगातल्या दहा भाषांमधल्या संभाषणांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. प्रश्न संपल्यापासून उत्तर सुरू होईपर्यंतचं अंतर सरासरी सेकंदाच्या पाचव्या भागाइतकं निघालं आणि भाषेभाषेत फरक थोडाच. माणसाचा कान या तालावर बसलेला असतो. त्याहून लांबलेली शांतता म्हणजे आढेवेढे, हे आपण शिकवल्याशिवाय शिकतो. दूरसंचाराच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची शिफारसही अशीच आहे, की एका बाजूचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत असला तर बहुतेक बोलण्यांना त्रास होत नाही. पुणे–सिएटल ही मर्यादा बरेचदा ओलांडते.

यावर बर्लिनच्या संशोधकांनी २०१४ मध्ये एक फार नेमकी गोष्ट दाखवली. त्यांनी संभाषणात मुद्दाम उशीर घातला आणि मग माणसांना समोरच्याबद्दल विचारलं. उशीर वाढला तसं समोरच्याचं लक्ष नाही असं लोकांना वाटू लागलं. तारेचा दोष माणसाला चिकटला. "तुझं लक्षच नसतं हल्ली" हे वाक्य रात्री दीड वाजता उच्चारलं जातं, त्यामागे पुष्कळदा एवढंच असतं.

आपल्या कॉलला किती उशीर आहे ते घरबसल्या मोजता येतं. दोघांनी आळीपाळीने आकडे म्हणायचे: ती एक, तो दोन, ती तीन, असे वीसपर्यंत, समोरच्याचा आकडा ऐकताक्षणी. ज्याने सुरुवात केली त्याने घड्याळ लावायचं. मग हाच खेळ समोरासमोर बसलेल्या कोणाशी तरी खेळायचा. दोन्हींतला फरक सेकंदांत काढून दहाने भागला, की जाऊन-येऊन होणारा उशीर मिळतो. समोरासमोर दहा सेकंद आणि कॉलवर पंधरा लागले, तर अर्धा सेकंद. आकडा फारच मोठा आला तर काही उपाय हातात असतात. ब्लूटूथचे इअरफोन काढून वायरचे लावले तर थोडा उशीर कमी होतो, राउटरजवळ बसल्याने होतो, आणि महत्त्वाचं बोलायचं असेल तेव्हा चित्र बंद करून नुसता आवाज ठेवल्याने अडखळणं कमी होतं. समुद्रातलं अंतर मात्र कोणत्याही प्लॅनने कमी होत नाही. आणि केबलच दुखावली तर उपाय नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये लाल समुद्रात केबल तुटल्या तेव्हा भारत-पाकिस्तानातलं इंटरनेट मंदावलं होतं.

एवढ्या अडथळ्यांतून जवळीक टिकते का? टिकते, आणि कधी जरा जास्तच. २०१३ मध्ये अमेरिकेत ६३ जोडप्यांच्या रोजच्या नोंदींवरून अभ्यास झाला. दूर राहणारी जोडपी एकमेकांशी मनातलं अधिक बोलत होती आणि एकमेकांना अधिक चांगलं रंगवतही होती. साहजिक आहे. रोज पाऊण तास मिळतो, तेव्हा माणूस तो पाऊण तास नीट वागतो. ओला टॉवेल पलंगावर टाकलेला पडद्यावर दिसत नाही. या रंगवण्याची दुसरी बाजू २००६ च्या एका अभ्यासात आहे: दूर राहून नंतर एका गावी आलेल्या जोडप्यांपैकी सुमारे एक तृतीयांश तीन महिन्यांत वेगळी झाली. ती अमेरिकेतली कॉलेजची, लग्न न झालेली मुलं होती, त्यामुळे तो आकडा पुण्याच्या संसाराला लावता येणार नाही. मात्र त्या मुलांनी सांगितलेल्या गोष्टी ओळखीच्या आहेत. स्वतःची वेळ गेली, समोरच्याच्या नव्याच सवयी कळल्या, आणि काहींना तर दुराव्यातल्या काही गोष्टींची आठवण येत राहिली.

आपल्या जोडप्याचा डिसेंबर येतो. तिकीट मिळतं, तो तीन आठवड्यांसाठी पुण्यात उतरतो. शरीराचं घड्याळ दिवसाला साधारण एक तासच सरकतं आणि इथे अंतर आहे साडेतेरा तासांचं, म्हणजे पहिले दहा दिवस तरी तो धड इथला नाही. संध्याकाळी सातला मावशीकडच्या केळवणाच्या राहून गेलेल्या जेवणात ताटावर डुलक्या घेतो, पहाटे तीनला टक्क जागा होतो आणि शेजारी ती गाढ झोपलेली असते. वर्षभर ज्या घरात दीड वाजता कुजबुज चालायची, त्याच घरात दोघांच्या जाग्या वेळा आता आणखी कमी जुळतात. व्हिसाचे कागद, भाड्याचं घर, तिची नोकरी सोडायची की रजा घ्यायची, असे विषय पहिल्या आठवड्यात काढले तर अर्धवट झोपेत तंटा ठरलेला. जाणती जोडपी नातेवाइकांची जेवणंही दुसऱ्या आठवड्यावर ढकलतात. नातेवाईक अर्थातच ऐकत नाहीत.