शंभराने गुणा, पण आधी काटा नीट वाचा

टायरचे नट खोलणाऱ्या हवेच्या पान्यावर बऱ्याचदा '६२० किलोपास्कल' असं छापलेलं असतं आणि समोरच्या कॉम्प्रेसरचा गेज मात्र बारमध्ये दाब सांगतो. दोन्हींचा मेळ घालणं सोपं आहे. १ बार म्हणजे बरोबर १०० किलोपास्कल, त्यामुळे बारच्या आकड्याला १०० ने गुणलं की झालं. या पान्याला ६.२ बार दाब हवा.

चूक गुणाकारात सहसा होत नाही. ती काटा वाचताना होते. समजा, तबकडीवर ०, ४, ८, १२ आणि १६ एवढेच आकडे आहेत आणि ४ ते ८ या अंतराचे बारीक रेघांनी आठ भाग केले आहेत. चार बार आठ भागांत वाटले, म्हणजे एक घर ०.५ बारचं, ५० किलोपास्कलचं. घर ०.१ बारचं धरून चालणारे पुष्कळ असतात. काटा ४ च्या पुढे पाचव्या रेघेवर असेल, तर ते ४.५ धरतात, पण खरा दाब ६.५ बार, म्हणजे ६५० किलोपास्कल असतो. म्हणून नव्या गेजसमोर उभं राहिलं की पहिल्यांदा एका घराची किंमत काढावी.

मग एकक पाहावं. आपल्याकडच्या अनेक गेजवर बारऐवजी 'kg/cm²' असतं. तिथला १ म्हणजे सुमारे ९८ किलोपास्कल. ६.५ ला ६५० ऐवजी ६३७ येतात. गॅरेजच्या कामाला हा फरक चालून जातो. पीएसआयचं तसं नाही. तिथला १ म्हणजे जेमतेम ६.९ किलोपास्कल, आणि दुहेरी तबकडीवर नजर चुकून त्या आकड्यांवर गेली तर सगळंच फसतं.

आता आपल्या पान्याकडे वळू. कॉम्प्रेसरवर बहुधा दोन गेज असतात, एक टाकीचा आणि दुसरा रेग्युलेटरनंतरचा. टाकीत ८ बार, म्हणजे ८०० किलोपास्कल असतील, पण पान्याला मिळतो तो दुसऱ्या गेजवरचा दाब. तिथे ६.५ दिसले, तर रेग्युलेटर थोडा कमी करायचा. हे पान्याचा खटका दाबून, हवा वाहती ठेवून करावं, कारण हवा वाहू लागली की दाब उतरतो आणि बंद नळीवर लावलेला आकडा कामाच्या वेळी टिकत नाही. काटा ६ आणि ६.५ यांच्या मध्याच्या किंचित अलीकडे आणला की पुरे. अशा साध्या गेजवर ६२३ की ६१८ हा वाद घालण्यात अर्थ नाही, तेवढी बारकाई त्या काट्यात नसते.

गेजचा शून्य म्हणजे बाहेरच्या हवेएवढा दाब. पान्यावर छापलेला आकडाही याच शून्यापासून मोजलेला असतो, म्हणून इथे काही मिळवायचं नाही. टाकीतली हवा बाहेर सोडल्यावर किती लिटर भरेल, असा हिशेब करताना मात्र टाकीतला निरपेक्ष दाब लागतो. तेव्हा गेजच्या ८०० मध्ये बाहेरच्या हवेचे साधारण १०० मिळवून ९०० किलोपास्कल धरावे लागतात.